फोटो छापताना फुटतो, फोनही भरतो: मोठी फाइल चॅटवर पाठवावी की ड्राइव्हची लिंक द्यावी?

ही तक्रार जवळपास दर वेळी त्याच क्रमाने पुढे येते. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो येतात, फोनच्या पडद्यावर ते लख्ख दिसतात, सर्वांना ते आवडतात आणि मांडणीसाठी कॉम्प्युटरवर घेतल्यावर मात्र ऑपरेटर सांगतो, की हा फोटो फुटतो आहे, मूळ फाइल मागवा. पाठवणारी व्यक्ती तोच फोटो पुन्हा पाठवते आणि तो पुन्हा तसाच येतो. मग कोणीतरी सगळे फोटो गटावर डॉक्युमेंट म्हणून टाकतो, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून ज्येष्ठ सदस्यांचे फोन भरल्याच्या तक्रारी सुरू होतात. शेवटी ड्राइव्हची लिंक दिली जाते आणि प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर ती उघडतच नाही.

मी नागपुरात महाल भागातील छपाईच्या कामांसाठी मांडणी करतो. दिवाळीच्या सुमारास दिनदर्शिका आणि स्मरणिकांची कामे एकदम येतात आणि त्या काळात मांडणीचा बराचसा वेळ फोटोंच्या मूळ फाइली मागवण्यातच जातो. या अडचणीचे कारण समजून घेतले, तर कोणती फाइल कोणत्या मार्गाने पाठवायची हे ठरवणे अवघड राहत नाही. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन चालू.

समजा, एका सांस्कृतिक मंडळाला नागपूरच्या सणांवर आधारित भिंतीवरची दिनदर्शिका काढायची आहे. पानाचा आकार १२ गुणिले १८ इंच असून वरच्या अर्ध्या भागात १२ गुणिले ९ इंचांचा फोटो आणि खाली महिना येणार आहे. भाद्रपदाच्या पानासाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो हवा आहे. गटात ४० सदस्य आहेत, त्यांनी आपापल्या फोनवर काढलेले ४५ फोटो आहेत आणि प्रकाशनाच्या दिवशी प्रोजेक्टरवर दाखवण्यासाठी मिरवणुकीचा सहा मिनिटांचा एक व्हिडिओही आहे.

फोटो नेमका कुठे बिघडतो

आजच्या साध्या फोनचा कॅमेरासुद्धा बहुधा १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो देतो आणि अशी फाइल साधारण ४ एमबीची असते. हा फोटो गॅलरीतून निवडून नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवला, की ॲप तो पाठवण्यापूर्वीच लहान करते. लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते आणि फाइल काही शे केबींची होते. हे काम पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच होत असल्यामुळे घेणाऱ्याने आपल्याकडे कोणतीही सेटिंग बदलली, तरी गेलेला तपशील परत येत नाही.

ऑफसेट छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हे सर्वमान्य प्रमाण धरले जाते. आपल्या पानावरचा फोटो १२ इंच रुंद आहे, म्हणून त्याला ३६०० गुणिले २७०० पिक्सेल लागतात. फोनचा मूळ फोटो ४००० गुणिले ३००० असल्याने तो पुरून थोडा उरतोसुद्धा. चॅटमधून आलेल्या १६०० पिक्सेलच्या फोटोला १२ने भागले, तर इंचाला केवळ १३३ पिक्सेल मिळतात. हाच फोटो पाच इंच रुंदीचा छापायचा असता, तर तो ३०० च्या प्रमाणातही नीट बसला असता. त्यामुळे चॅटवरचा फोटो सरसकट निकामी असतो असे मी म्हणणार नाही. स्मरणिकेत सदस्यांच्या नावाशेजारी येणाऱ्या छोट्या चौकटीला तो पुरेसा आहे, पूर्ण पानाच्या चित्राला तो पुरत नाही.

आकार लहान होण्याइतकीच दुसरी गोष्टही महत्त्वाची आहे. जेपीजी पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे बारीक चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातला सूक्ष्म तपशील कमी करून फाइल हलकी केली जाते. आकाश, भिंत, साडीचा सपाट रंग अशा भागांत हे जाणवत नाही. मारबतीच्या फोटोत मात्र ते लगेच दिसते, कारण बडग्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांच्या, गळ्यात अडकवलेल्या पाट्यांवर लिहिलेला मजकूर हा त्या फोटोचा जीव असतो. मूळ फोटोत पाटीवरचे एखादे अक्षर २५ पिक्सेल उंच असेल, तर चॅटमधल्या प्रतीत ते १० पिक्सेलचे उरते. तेवढ्या उंचीत शिरोरेषा, वेलांटी आणि मात्रा एकमेकींत मिसळतात, अक्षरांच्या कडेने करडी धूळ पसरल्यासारखी दिसते आणि 'महागाई' हा शब्द केवळ अंदाजाने वाचावा लागतो. फोनच्या सहा इंची पडद्यावर हे कळत नाही. तो संपूर्ण फोटो तेवढ्याशा जागेत दाटून दाखवला जात असल्यामुळे डोळ्यांना तो धारदार वाटतो आणि पाठवणारा प्रामाणिकपणे सांगतो, की माझ्याकडे तर स्पष्ट दिसतो आहे.

आलेला फोटो मूळ आहे की नाही, हे कसे ओळखावे

सर्वात आधी फाइलचे नाव पाहावे. अँड्रॉइड फोनवर चॅटमधून फोटो म्हणून आलेल्या फाइलचे नाव `IMG-20250824-WA0007.jpg` अशा धर्तीचे असते आणि त्यातील `WA` ही दोन अक्षरे पुरेशी बोलकी आहेत. कॅमेऱ्याने दिलेल्या नावात बहुधा तारखेनंतर तास, मिनिटे आणि सेकंद येतात, उदाहरणार्थ `IMG_20250824_113542.jpg`. नावावरून खात्री पटत नसेल, तर गॅलरीत फोटो उघडून त्याचा तपशील पाहावा. तेथे पिक्सेलचे माप आणि फाइलचा आकार मिळतो. माप १६०० च्या आसपास, आकार दोन-तीनशे केबी आणि कॅमेऱ्याचे नाव नाही, अशी स्थिती असेल, तर ती लहान केलेली प्रत आहे. फोटो म्हणून पाठवताना कॅमेऱ्याची, वेळेची आणि ठिकाणाची नोंद काढून टाकली जाते. त्यामुळे दिनदर्शिकेसाठी आलेले फोटो काढल्याच्या क्रमाने लावता येत नाहीत, ते आल्याच्या क्रमानेच लागतात. मिरवणुकीचा क्रम जपायचा असेल, तर ही गैरसोय मोठी ठरते.

येथे एक चूक वारंवार होते, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. मूळ फाइल मागितल्यावर पाठवणारी व्यक्ती अनेकदा चॅटमध्ये आधी आलेलाच फोटो उचलते आणि तो या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवते. मार्ग योग्य असतो, परंतु पाठवलेली वस्तू मुळातच लहान झालेली असते. फाइल जशीच्या तशी पोहोचते, म्हणजे १६०० पिक्सेलची ती १६०० पिक्सेलचीच राहते. स्क्रीनशॉटचेही तेच आहे. त्याला पडद्याइतकीच रुंदी मिळते आणि ती बहुतेक फोनवर १०८० पिक्सेल किंवा त्याच्या जवळपास असते. म्हणून मागणी करताना केवळ 'चांगला फोटो पाठवा' असे न लिहिता, 'ज्या फोनने फोटो काढला, त्या फोनच्या कॅमेरा फोल्डरमधील फाइल पाठवा' असे स्पष्ट लिहावे. फोटो काढणारी व्यक्ती आणि तो गटावर टाकणारी व्यक्ती निराळी असते, तेव्हा ही सूचना विशेष उपयोगी पडते, कारण अशा वेळी गटावर फोटो टाकणाऱ्या ताईंच्या भाच्याच्या फोनमध्ये मूळ फोटो असतो आणि ताईंच्या फोनमध्ये त्याची आलेली प्रत असते.

चॅटमध्येच असलेला दुसरा मार्ग

चॅट किंवा लिंक अशी दोनच टोके आहेत असे समजल्यामुळे बराच गोंधळ होतो. प्रत्यक्षात चॅटमध्ये फाइल पाठवण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. पहिली नेहमीची, म्हणजे गॅलरीतून फोटो म्हणून पाठवण्याची. दुसरी त्याच पद्धतीत एचडी पर्याय निवडण्याची. व्हॉट्सॲपने फोटोंसाठी हा पर्याय २०२३ मध्ये दिला. पाठवण्यापूर्वी वरच्या बाजूला दिसणाऱ्या `HD` या खुणेवर दाबून तो निवडता येतो. एचडीमुळे पिक्सेलचे माप बरेच वाढते, परंतु फोटो तरीही पुन्हा जेपीजीमध्ये आवळला जातो आणि त्याची नोंद पुसली जाते. घाईच्या वेळी, स्मरणिकेच्या अर्ध्या पानापर्यंतच्या चित्रासाठी एचडी प्रत मी स्वीकारतो. दिनदर्शिकेच्या मुख्य चित्रासाठी स्वीकारत नाही, कारण पाटीवरची अक्षरे तिथेही मऊ पडतात.

तिसरी पद्धत डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची. पिनेच्या खुणेवर दाबून `Document` निवडावे आणि त्यातून गॅलरीतील किंवा फाइल व्यवस्थापकातील फोटो घ्यावा. या मार्गाने फाइलमधला एकही बाइट बदलत नाही. नाव, तारीख, कॅमेऱ्याची नोंद आणि सगळे पिक्सेल तसेच पोहोचतात. एका फाइलसाठी २ जीबीची मर्यादा आहे, जी आपल्या कामाला भरपूर आहे. त्यासोबत एक काळजीही घ्यावी. ठिकाणाची नोंद चालू असलेल्या फोनवर काढलेल्या फोटोबरोबर ते ठिकाणही जाते. मिरवणुकीच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही, पण घरात काढलेला फोटो अनोळखी लोक असलेल्या गटावर डॉक्युमेंट म्हणून टाकताना याचा विचार करावा.

आयफोनवरून डॉक्युमेंट म्हणून आलेला फोटो कधी कधी प्रेसमध्ये उघडत नाही आणि 'तुमचा उपाय चालत नाही' असा निरोप येतो. आयफोन आपले फोटो बहुधा `.HEIC` या प्रकारात साठवतो आणि जुन्या विंडोज कॉम्प्युटरवरील सॉफ्टवेअरला तो प्रकार ओळखता येत नाही. गॅलरीतून पाठवल्यास ॲप त्याचे जेपीजी करून देते, म्हणून तेव्हा तो उघडतो, पण गुणवत्ता हरवून. अशा वेळी फोटो पुन्हा गॅलरीतून मागवू नये. तो प्रेसमध्येच जेपीजी करून घ्यावा. पुढच्या कामांसाठी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधील `Formats` खाली `Most Compatible` निवडून ठेवले, तर नवे फोटो थेट जेपीजीमध्येच साठतात.

जागेचा हिशेब

गुणवत्तेचा प्रश्न डॉक्युमेंटने सुटतो, तर मग लिंक कशासाठी, असे विचारले जाते. त्याचे उत्तर साठवणुकीत आहे. ४५ फोटो प्रत्येकी ४ एमबी धरले, तर १८० एमबी होतात. फुल एचडीतला व्हिडिओ मिनिटाला सुमारे १३० एमबी घेतो असे धरले, तर सहा मिनिटांचे ७८० एमबी होतात. दोन्ही मिळून ९६० एमबी. हे सगळे ४० जणांच्या गटावर डॉक्युमेंट म्हणून टाकले आणि प्रत्येकाच्या फोनवर ते उतरले, तर सर्व फोनांत मिळून ३८ जीबीहून अधिक जागा अडते. यातली गरज एकट्या मांडणी करणाऱ्याला होती.

पाठवणाऱ्यावर याहून अधिक भार पडतो. अँड्रॉइड फोनवर पाठवलेल्या डॉक्युमेंटची एक प्रत ॲप आपल्याकडेही ठेवते, म्हणजे कॅमेरा फोल्डरमध्ये एक आणि पुढील ठिकाणी दुसरी अशा दोन प्रती होतात.

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents/Sent
```

याशिवाय चॅटचा आणि मीडियाचा बॅकअप गूगल खात्यावर जात असेल, तर तोही आता खात्याच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो. ही १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि गूगल फोटोज यांची एकत्र आहे. मला या भागाची चिंता सर्वाधिक वाटते, कारण ती जागा संपली की जीमेलवर नवी पत्रे येणेच थांबते, आणि बँकेचा किंवा मुलाच्या प्रवेशाचा मेल का आला नाही याचे मूळ मंडळाच्या फोटोंत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

लिंकचा हिशेब निराळा आहे. ड्राइव्हवरील फाइल तिच्या मालकाच्या खात्यातच जागा घेते. ज्यांच्याशी ती शेअर केली, त्यांच्या १५ जीबीला ती धक्का लावत नाही. ४० जणांनी लिंक उघडून पाहिली, तरी साठा एकच आणि ९६० एमबीचाच राहतो. मात्र एखाद्याने `Make a copy` केले, तर ती नवी प्रत त्याच्या खात्यात मोजली जाते. आणखी एक नियम गटाचे काम वाटताना उपयोगी पडतो: दुसऱ्याच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये एखाद्याने फाइल चढवली, तर ती चढवणाऱ्याच्या मालकीची राहते आणि त्याच्याच खात्यात जागा घेते. त्यामुळे संयोजकांनी फोल्डर तयार करून मोजक्या सदस्यांना त्यात फोटो टाकण्याचा अधिकार दिला, तर सगळा भार एकट्या संयोजकांवर पडत नाही.

या हिशेबावरून मी ठरवलेली रीत अशी आहे. फोटो निवडण्याच्या टप्प्यावर ते गटावर नेहमीच्या पद्धतीने, फोटो म्हणूनच टाकावेत. तेव्हा केवळ पाहायचे असते आणि हलकी प्रत त्यासाठीच योग्य आहे. निवड झाली, की ज्या संदेशातला फोटो निवडला त्याच संदेशाला उत्तर देऊन 'याची मूळ फाइल हवी' असे लिहावे, कारण चॅटमध्ये फाइलचे नाव बदललेले असते आणि नावावरून मूळ फोटो शोधता येत नाही. निवडलेले बारा फोटो सात-आठ व्यक्तींकडून येणार असतील, तर प्रत्येकाने आपले एक-दोन फोटो मांडणी करणाऱ्याला वैयक्तिक चॅटवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. इतक्या कमी फाइलींसाठी फोल्डर, अधिकार आणि लिंक यांचा खटाटोप करण्याची गरज नाही. सगळे ४५ फोटो एकाच वेळी द्यायचे असतील, ते पाचदहा जणांना पाहिजे असतील किंवा व्हिडिओ असेल, तेव्हा लिंकच द्यावी. ज्याच्या गूगल खात्यात आधीच जागा उरलेली नाही, त्याने लिंकच्या मागे लागू नये. खात्यात किती जागा आहे हे `one.google.com/storage` येथे पाहता येते.

लिंक दिली, तरी अडते कुठे

प्रेसमधून सर्वाधिक वेळा येणारी तक्रार म्हणजे लिंक उघडल्यावर परवानगी मागणारा पडदा दिसणे. ड्राइव्हवरची फाइल आरंभी `Restricted` असते, म्हणजे नावाने जोडलेल्या लोकांनाच उघडते. ऑपरेटर `Request access` दाबतो, परवानगीची विनंती पाठवणाऱ्याच्या मेलवर जाते, तो मेल संध्याकाळी पाहिला जातो आणि दिवस वाया जातो. फोल्डरच्या शेअर पडद्यावर हा पर्याय बदलून `Anyone with the link` करावा आणि अधिकार `Viewer` इतकाच ठेवावा. `Editor` दिल्यास लिंक हातात पडलेली कोणतीही व्यक्ती फोल्डरमध्ये फेरफार करू शकते. लिंक पाठवण्यापूर्वी ती ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावी. त्या खिडकीत आपण कोणत्याही खात्याने आत गेलेलो नसतो, त्यामुळे ऑपरेटरला जे दिसेल तेच आपल्याला दिसते.

दुसरी तक्रार अशी, की लिंक उघडते पण फोल्डर रिकामा दिसतो किंवा त्यात अर्धेच फोटो असतात. याचे कारण बहुतेक वेळा चढवणे पूर्ण न होणे हे असते. अँड्रॉइडवरील ड्राइव्ह ॲपच्या सेटिंगमध्ये केवळ वायफायवरच फाइल पाठवण्याचा पर्याय आहे. तो चालू असताना मोबाइल डेटावर फोटो चढवायला लावले, तर ते रांगेत थांबून राहतात आणि पाठवणाऱ्याला वाटते की काम झाले. ९६० एमबी चढवायला किती वेळ लागतो याचाही अंदाज असावा. सेकंदाला ५ मेगाबिट इतका अपलोड वेग मिळाला, तर यासाठी २५ मिनिटांहून अधिक वेळ जातो, आणि गर्दीच्या वेळी मोबाइल डेटावर तेवढा वेग टिकत नाही. लिंक गटावर टाकण्यापूर्वी फोल्डर कॉम्प्युटरवर उघडून आतल्या फाइलींची संख्या मोजावी. ४५ पाठवल्या असतील, तर ४५ दिसायला हव्यात.

काही जण गूगल फोटोजच्या अल्बमची लिंक देतात आणि ती ड्राइव्हचीच समजतात. दोन्हींत महत्त्वाचा फरक आहे. ड्राइव्ह फाइलमध्ये बदल करत नाही. गूगल फोटोजमध्ये बॅकअपची गुणवत्ता `Storage saver` असेल, तर फोटो पुन्हा आवळून साठवले जातात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे असल्यास तेवढ्यापर्यंत लहान केले जातात, तर व्हिडिओ १०८०पी वर आणला जातो. बारा मेगापिक्सेलच्या फोटोला याने फारसा धोका नाही, पण मूळ प्रत हवी असेल, तर `Original quality` असल्याची खात्री करावी किंवा सरळ ड्राइव्ह वापरावी.

प्रेसच्या बाजूने होणारी चूकही सांगायला हवी. फोल्डर कॉम्प्युटरवर डाउनलोड केला, की ड्राइव्ह त्याची झिप फाइल करून देते आणि साठा मोठा असल्यास तिचे अनेक भाग पडतात. सगळे भाग उतरवून ते पूर्ण उघडल्याशिवाय फोटो मांडणीत घेऊ नयेत, अन्यथा एखादा भाग राहून गेल्याचे प्लेट काढल्यानंतर कळते. लिंकवर फोटो पाहता पाहता तेथूनच उजव्या क्लिकने चित्र उतरवून घेण्याची सवयही सोडावी, कारण ब्राउझरमध्ये दिसणारे पूर्वावलोकन ही पडद्यापुरती बनवलेली लहान प्रत असते आणि मूळ फाइल केवळ डाउनलोडच्या बटणानेच मिळते.

व्हिडिओच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते. चॅटवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली सहा मिनिटांची मिरवणूक इतकी आवळली जाते, की सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर गर्दीतले चेहरे चौकोनी ठिपक्यांसारखे दिसतात. ड्राइव्हवर चढवलेला व्हिडिओही लगेच पाहिला, तर धूसर दिसू शकतो, कारण गूगल त्याच्या पाहण्याच्या प्रती तयार करत असते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून प्रकाशनाच्या कार्यक्रमात लिंकवरून थेट व्हिडिओ लावू नये. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल उतरवताना विषाणूंची तपासणी करता येत नाही असा इशारा दिसतो. फाइल आपल्याच माणसाने चढवलेली असेल, तर पुढे जाऊन ती उतरवून घ्यावी आणि कार्यक्रमाच्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी एकदा पूर्ण चालवून पाहावी.

मांडणी झाल्यावर प्रूफची पीडीएफ परत पाठवायची असते आणि तेथे लिंकचा आणखी एक फायदा होतो. चॅटवर पहिले प्रूफ, दुरुस्त प्रूफ, अंतिम, अंतिम दोन अशा फाइली साचत जातात आणि तिथीची चूक दुरुस्त झालेली असूनही जुनी पीडीएफ छपाईला जाते. ड्राइव्हवर पीडीएफच्या मेनूतील `Manage versions` मधून नवी आवृत्ती चढवली, तर लिंक तीच राहते आणि उघडणाऱ्याला नवीच फाइल दिसते. जुन्या आवृत्त्या सामान्यतः ३० दिवस राहतात, त्यामुळे काही उलगडा करायचा झाल्यास मागे जाऊन पाहता येते. ज्यांना केवळ तपासायचे आहे त्यांना हीच एक लिंक द्यावी. छपाईसाठी मात्र प्रेसने ती पीडीएफ स्वतः उतरवून घ्यावी आणि उतरवल्याची तारीख फाइलच्या नावात लिहावी.

काम संपल्यावरची आवरासावर लिंक देणाऱ्यानेच करायची असते आणि तिचा क्रम चुकवू नये. ड्राइव्हवरील फोल्डर काढून टाकला, की लिंक सर्वांसाठीच बंद पडते, म्हणून आधी दिनदर्शिकेची अंतिम पीडीएफ आणि निवडलेले बारा फोटो मंडळाच्या एखाद्या हार्ड डिस्कवर किंवा कार्यालयातील कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावेत. काढून टाकलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते आणि तोपर्यंत जागाही अडवते. जागा लगेच हवी असेल, तर ट्रॅश रिकामा करावा. चॅटच्या बाजूला व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधील `Storage and data` खाली `Manage storage` उघडल्यास ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली एकत्र दिसतात आणि पाठवलेल्या डॉक्युमेंटच्या दुसऱ्या प्रती तेथून काढता येतात. कॅमेरा फोल्डरमधील मूळ फोटोला त्याने हात लागत नाही. तरीही फोटो काढणाऱ्यांना निरोप देताना, दिनदर्शिका हातात पडेपर्यंत कॅमेऱ्यातील फोटो पुसू नयेत, असे मी लिहून कळवतो, कारण रंग गडद आल्यामुळे एखादे पान पुन्हा काढायची वेळ आली, तर प्रेसला त्याच मूळ फाइलपासून काम सुरू करावे लागते.